हिंदी सब्जेक्ट लाइन मोबाइलवर कापली जाते तेव्हा मागे काय उरतं

प्रश्न: आम्ही बहीण-भाऊ इंदूरहून टॅली आणि जीएसटीचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स हिंदीत चालवतो. यादीत 6000 जण आहेत, बहुतेक दुकानांत हिशेब बघणारे. मेलची सब्जेक्ट लाइन हिंदीत असते, पण मोबाइलवर अर्धीच दिसते. मेल पाठवायचं टूल सांगतं की 50 अक्षरांत बसवा, आणि आमची एकही ओळ त्यात बसत नाही. भाऊ म्हणतो ‘सीखो’ लिहू, मला ‘सीखिए’ बरं वाटतं. लांबी किती ठेवायची, सूर कोणता ठेवायचा, आणि यातलं काय चालतंय हे तपासायचं कसं?

उत्तर:

तुमचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी अडकले आहेत. हिंदी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि मोबाइल नेमका शेवटच कापतो. सब्जेक्ट लाइनबद्दलचे बहुतेक सल्ले इंग्रजीवरून आलेले असतात. तिथे आज्ञार्थी क्रियापद पहिलाच शब्द असतो, त्यामुळे ओळ कापली गेली तरी ‘शिका’ एवढं वाचणाऱ्यापर्यंत पोचतं. आपल्याकडे ‘सीखें’ शेवटी, ‘नहीं’ शेवटच्या आसपास, आणि आदरही क्रियापदाच्या शेपटातच. शेपूट गेलं की अर्थ, विनंती आणि सूर तिन्ही जातात.

तुमच्यासारख्या कोर्सची नेहमीच्या धाटणीची एक ओळ घेऊ:

सिर्फ़ 8 हफ़्तों में घर बैठे टैली और जीएसटी का पूरा काम सीखें, बैच सोमवार से

संगणकावर ही ओळ उत्तम दिसते. साध्या अँड्रॉइड फोनवर जीमेलच्या यादीत मात्र ती ‘सिर्फ़ 8 हफ़्तों में घर बैठे टैली और जी…’ इथपर्यंत, किंवा एखादं अक्षर मागेपुढे, येऊन थांबते. म्हणजे सुरुवातीची सगळी जागा ‘सिर्फ़’, ‘8 हफ़्तों में’ आणि ‘घर बैठे’ यांनी खाल्ली. हे शब्द शिवणकामापासून स्पोकन इंग्लिशपर्यंत कुठल्याही कोर्सच्या जाहिरातीत असतात. जीएसटी अर्धा कापला गेला. शिकायचं आहे की विकत घ्यायचं आहे ते कळत नाही, आणि सोमवार तर कुठेच नाही.

याहून वाईट प्रकार नकाराचा. ‘आपकी सीट अभी पक्की नहीं हुई है’ ही आठवण करून देणारी ओळ समजा. पुढे कोर्सचं नाव जोडलं की फोनवर उरतं: ‘टैली-जीएसटी बैच: आपकी सीट अभी पक्की…’. वाचणारा समजतो की सीट पक्की झाली, आणि मेल न उघडता पुढे जातो. ‘नहीं’, ‘के बिना’, ‘के बाद’, ‘तक’ हे शब्द हिंदीत नामाच्या मागे येतात. म्हणून ओळ लिहून झाली की ती पंधराव्या अक्षरापाशी, विसाव्यापाशी, पंचविसाव्यापाशी तोडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाचायचा. एकाही तुकड्याचा अर्थ उलटा होता कामा नये. अपुरा राहिला तर चालतो.

आता 50 अक्षरांचं. टूल मोजतं ती आपली अक्षरं नाहीत. संगणकाच्या लेखी मात्रा, अनुस्वार, नुक्ता, हलंत हे सगळे वेगवेगळे घटक असतात. ‘रजिस्ट्रेशन’ आपल्या डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो: र, जि, स्ट्रे, श, न. टूलच्या हिशेबात तो 11 भरतो. वरची अख्खी ओळ टूल 76 मोजेल. डोळ्याने, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम धरून मोजलीत तर ती 48 आहे. म्हणजे टूल म्हणतं फार लांब, डोळा म्हणतो बसली, आणि फोन तिसरंच काही करतो.

फोन तिसरंच करतो कारण तो काहीच मोजत नाही, तो रुंदी बघतो. देवनागरीत काही मात्रा जागा खातात, काही खात नाहीत. काना, वेलांट्या, ‘ो’ आणि ‘ौ’ यांना उभी रेघ असते, त्या ओळ लांबवतात. उकार, ‘े’, ‘ै’, अनुस्वार आणि नुक्ता वर-खाली बसतात, त्यांची आडवी किंमत जवळजवळ शून्य. टूलला मात्र ‘ै’ आणि ‘ी’ सारखेच. म्हणून दोन ओळी टूलमध्ये सारख्या भरतात आणि फोनवर एक मावते, दुसरी मावत नाही.

दोन्ही आकडे बघायचे असतील तर एक्सेलमध्ये `=LEN(A2)` टूलसारखाच हिशेब देतं. डोळ्याचा हिशेब पायथनच्या `regex` या मॉड्यूलमधून मिळतो, ते वेगळं बसवावं लागतं:

```python
import regex
s = "टैली-जीएसटी: नया बैच सोमवार से"
print(len(s), len(regex.findall(r"\X", s)))
```

या ओळीला 30 आणि 21 असं उत्तर येतं. मॉड्यूल जुनं असेल तर जोडाक्षरं असलेल्या ओळीत दुसरा आकडा एक-दोनने जास्त येईल, कारण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला. आपल्याला एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. मी अंदाज असा धरतो: महत्त्वाचं जे काही आहे ते डोळ्याच्या पहिल्या 20 अक्षरांत, आणि पूर्ण ओळ 28 च्या आत असली तर उत्तम. 28 च्या पुढे गेलात तर काही पाप नाही, फक्त पुढचा मजकूर संगणकावर बघणाऱ्यासाठी आहे असं समजून लिहायचा.

भाऊ म्हणेल, मग रोमन लिपीत हिंदी लिहू, टूलशी भांडणच नको. टूलचा आकडा सुधारणार नाही आणि जागाही वाचणार नाही. ‘सीखिए’ देवनागरीत तीन अक्षरांच्या रुंदीत बसतो, रोमनमध्ये त्याला आठ अक्षरं लागतात. रोमन हिंदी तुमच्या वाचकांना ओळखीची वाटते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो चाचणीला लावण्याजोगा आहे. त्याकडे शेवटी येतो.

फोनवर तपासायची पद्धत साधी आहे, पण एक-दोन गोष्टी हमखास सुटतात. टूलमधल्या ‘मोबाइल प्रिव्ह्यू’वर विसंबू नका. ते बहुधा ठरावीक घटक मोजून ओळ कापतं, त्यामुळे कधी ‘हफ़्’ असा लंगडा हलंत उरलेला दिसतो, जो खऱ्या फोनवर दिसत नाही. चाचणीचा मेल खऱ्या तीन फोनांवर पाठवा: एक स्वस्तातला अरुंद पडद्याचा अँड्रॉइड, एक असा ज्यात अक्षरांचा आकार मोठा करून ठेवला आहे, आणि मिळाला तर एक आयफोन. मोठ्या अक्षरांचा फोन घरातल्या काका-मावशींकडे मिळतोच, आणि दुकानातले चाळिशीपुढचे मुनीम तसाच फोन वापरतात. त्या फोनवर वरची ओळ ‘घर बैठे’च्या आतच संपते.

मेल उघडण्याआधी यादीचा स्क्रीनशॉट घ्या. न वाचलेला मेल ठळक अक्षरांत असतो आणि ठळक अक्षरं जास्त जागा घेतात. उघडून परत आलात की ओळ एक-दोन अक्षरं जास्त दाखवते, आणि आपण त्या खोट्या मापावर खूश होतो. चाचणीचे चार मेल एकाच विषयाचे पाठवलेत तर जीमेल ते एका धाग्यात गोळा करू शकतं, म्हणून दर वेळी ओळ थोडी बदला किंवा आधीचे काढून टाका. नोटिफिकेशनही बघा. तिथे आधी पाठवणाऱ्याचं नाव आणि सब्जेक्ट लाइन दिसते, आणि मेलमधला मजकूर बऱ्याचदा नोटिफिकेशन उलगडल्यावरच.

आता दुरुस्ती. क्रियापद शेवटीच येणार असेल तर ते सब्जेक्ट लाइनमधून सरळ काढून टाका. हिंदीत नामावर थांबलेली ओळ खटकत नाही, वर्तमानपत्रांचे मथळे रोज तसेच असतात. ‘टैली-जीएसटी: नया बैच सोमवार से’ या ओळीत क्रियापद नाही, आणि 21 अक्षरांत विषय, बातमी आणि दिवस तिन्ही आले. मोठ्या अक्षरांच्या फोनवर शेपूट तुटलं तरी ‘टैली-जीएसटी: नया बैच’ एवढं उरतं, आणि ते पुरतं.

मग ‘सीखें’ कुठे गेलं? ते प्रीहेडरमध्ये जाईल. जीमेलच्या ॲपमध्ये पहिल्या ओळीत पाठवणाऱ्याचं नाव, दुसरीत सब्जेक्ट लाइन आणि तिसरीत मेलमधला पहिला मजकूर, म्हणजेच प्रीहेडर, दिसतो. तुम्ही काही ठरवलं नाहीत तर तिथे ‘ईमेल ब्राउज़र में देखें’ किंवा लोगोच्या चित्राचं नाव येऊन बसतं. कोर्सवाल्यांच्या मेलमध्ये मला हे इतक्यांदा दिसतं की आता नवल वाटत नाही. ही तिसरी ओळ फुकट मिळालेली आहे, आणि ती सब्जेक्ट लाइनच्या अगदी खाली येत असल्यामुळे वाचणारा दोन्ही एका दमात वाचतो. मेलच्या एचटीएमएलमध्ये `<body>` नंतर लगेच हे टाका:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
रिटर्न ख़ुद भरना सीखिए, रोज़ रात 8 बजे, हिंदी में।
&zwnj;&nbsp;&zwnj;&nbsp;&zwnj;&nbsp;
</div>
```

शेवटचे `&zwnj;&nbsp;` न दिसणारे आहेत. प्रीहेडर छोटा असला तर जीमेल पुढचा मजकूर ओढून आणतं, आणि त्याला अडवायला ही जोडी वीस-तीसदा लिहावी लागते. बहुतेक टूलांत प्रीहेडरसाठी वेगळा रकानाही असतो, तो असेल तर कोडला हात लावू नका. रकाना आणि कोड दोन्ही भरलेत तर प्रीहेडर दोनदा दिसतो.

बघा, या प्रीहेडरमध्येही क्रियापद पुढे सरकवलं आहे. ‘रोज़ रात 8 बजे, हिंदी में, रिटर्न ख़ुद भरना सीखिए’ हेही बरोबर हिंदी आहे, पण त्यात कामाचा शब्द परत कापण्याच्या टप्प्यात जातो. हिंदी बोलताना आपण सहज ‘सीखिए टैली, घर बैठे’ असंही म्हणतो. हा उलटा क्रम प्रीहेडरमध्ये खपतो. सब्जेक्ट लाइनमध्ये मात्र तो टीव्हीवरच्या जाहिरातीसारखा वाजतो, म्हणून मी तिथे टाळतो.

पाठवणाऱ्याचं नाव सर्वांत वरच्या ओळीत ठळक येतं. संस्थेचं नाव तिथे असेल तर सब्जेक्ट लाइनमध्ये ते पुन्हा नको. आणि ओळीची सुरुवात वाचणाऱ्याच्या नावाने करायचा मोह आवरा. फॉर्म भरणारे हिशेबनीस असल्यामुळे नावाच्या रकान्यात दुकानाचं नाव येतं, कधी सगळी मोठी रोमन अक्षरं येतात, कधी रकाना रिकामा. मग मेल जातो: ‘श्री बालाजी ट्रेडर्स जी, टैली-जी…’. रिकाम्या रकान्याचा तर नुसताच ‘जी,’ उरतो. नाव वापरायचं तर मेलच्या आत, आणि रिकाम्या रकान्यासाठी पर्यायी संबोधन ठरवून.

सुराकडे येतो. तुमचा भावाशी वाद ‘सीखो’ की ‘सीखिए’ असा आहे, आणि सब्जेक्ट लाइनमधून क्रियापद गेल्यावर तो निम्मा संपला. उरलेल्या निम्म्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ‘सीखो’ नको. कमावत्या माणसाला अनोळखी संस्थेने ‘तुम’ म्हणणं लिहिलेल्या हिंदीत बोचतं. ‘सीखें’ आणि ‘सीखिए’ दोन्ही चालतील. पहिलं फलकावरच्या भाषेसारखं कोरडं, दुसरं समोर बसून बोलल्यासारखं. प्रीहेडरमध्ये मी ‘सीखिए’ घेईन, नोंदणीच्या बटणावर ‘सीखें’सारखं रूप घेईन, म्हणजे ‘सीट बुक करें’.

इंदूरचा म्हणून एक सापळा आहे. इथे आपण सगळेच ‘आप देख लो’, ‘आप आ जाओ’ बोलतो, आणि त्यात कुणाला अनादर वाटत नाही. सियागंजच्या बाजारात कुणीही तसंच बोलेल. पण तुमची यादी ऑनलाइन आहे. ग्वाल्हेर, कानपूर किंवा पाटण्याचा माणूस ‘आप’ला जोडलेलं ‘लो’ छापील अक्षरांत वाचतो, तेव्हा त्याला ते अशुद्ध किंवा उद्धट वाटतं. दुसरा सापळा मराठी घरांतला. बोटं सवयीने ‘टॅली’, ‘बॅच’ टाइप करतात. हिंदीत ते ‘टैली’, ‘बैच’ आहे, आणि हिंदी वाचकाला अर्धचंद्र पटकन परका दिसतो. आपण ‘नवी बॅच’ म्हणतो म्हणून ‘नई बैच’ लिहितो. प्रचलित हिंदी ‘नया बैच’. ओळ पाठवण्याआधी ज्याच्या घरी हिंदीच बोलतात अशा एकाला मोठ्याने वाचायला लावा. तो अडखळला त्या जागी काहीतरी चुकलं आहे.

सुरातली खरी मोठी निवड मात्र ‘आप-तुम’ची नाही, ती भीतीची आहे. जीएसटीच्या कोर्सला भीती विकणं फार सोपं. 3बी रिटर्न उशिरा भरला की दिवसाला 50 रुपये लेट फी लागते, निरंक रिटर्न असेल तर 20 रुपये, आणि हे प्रत्येक हिशेबनिसाला माहीत असतं. म्हणून ओळ सुचते: ‘₹50 रोज़ की लेट फ़ीस से बचना सीखें’. पूर्ण वाचली तर निरुपद्रवी आहे. कापली की उरतं ‘₹50 रोज़ की लेट फ़ीस…’, आणि हे थेट दंडाच्या सूचनेसारखं दिसतं. ‘आपका जीएसटी नोटिस’ असल्या ओळी तर मुद्दामच तशा लिहिलेल्या असतात. लोक घाबरून उघडतात, आत कोर्सची जाहिरात बघतात, आणि चिडून ‘स्पॅम’ दाबतात.

त्या दाबण्याची किंमत मोजता येते. गूगल पाठवणाऱ्यांना सांगतं की स्पॅमच्या तक्रारी 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा आणि 0.3 टक्के कधीच गाठू नका. 6000 मेल पोचले असं धरलं तर 0.3 टक्के म्हणजे 18 माणसं. अठरा जण चिडले की पुढच्या बॅचचा मेल इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये जाऊ शकतो, आणि तेव्हा सब्जेक्ट लाइन कितीही चांगली असली तरी ती कुणी बघत नाही. एका दिवसात जीमेलच्या 5000 पत्त्यांवर मेल पाठवणारा गूगलच्या लेखी मोठा पाठवणारा ठरतो, आणि फेब्रुवारी 2024 पासून त्याच्यासाठी नियम कडक आहेत: मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी आणि एका टिचकीत नाव काढायची सोय. तुमची यादी या सीमेच्या आसपास आहे, म्हणून गूगलच्या ‘पोस्टमास्टर टूल्स’मध्ये आपलं डोमेन जोडून तक्रारींचा आकडा बघत जा. भीतीची ओळ चाचणीत जिंकली तरी हा आकडा वर गेला असेल तर ती हरली असं धरा.

लेट फी विषय म्हणून वाईट नाही, फक्त सुरुवातीचा तुकडा बदला. ‘3B समय पर: लेट फ़ीस का पूरा हिसाब’ कुठेही कापली तरी दंडाची सूचना वाटत नाही, कारण दिलासा आधी आला आहे.

चाचणी लावायच्या आधी एक छोटी तांत्रिक तपासणी. कुणाच्या फोनवर ओळीच्या मध्येच ‘�’ असं चिन्ह दिसत असेल तर दोष तुमच्या हिंदीचा नाही. मेलच्या मथळ्यात देवनागरी थेट न जाता सांकेतिक रूपात जाते. नुसता ‘टैली’ असा जातो:

```
Subject: =?UTF-8?B?4KSf4KWI4KSy4KWA?=
```

असा एक तुकडा 75 चिन्हांपेक्षा लांब चालत नाही, आणि देवनागरीचा प्रत्येक घटक त्यात 4 चिन्हं खातो. म्हणजे एका तुकड्यात साधारण 15 घटक, आणि लांब ओळीचे चार-पाच तुकडे. चांगलं टूल दोन घटकांच्या सीमेवर तोडतं. ओबडधोबड लिहिलेली स्क्रिप्ट घटकाच्या पोटातच तोडते, आणि त्या सांध्यावर ‘�’ उमटतं. जीमेलमध्ये `Show original` उघडून मथळा बघा. चिन्ह ज्या सांध्यावर येतं तिथे तुकडा संपत असेल, तर टूल किंवा स्क्रिप्ट बदला. छोट्या ओळीत हा त्रास कमी दिसतो, कारण सांधेच कमी असतात.

आता चाचणी. 6000 नावांचे दोन समान भाग करा, पण यादीचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असं नको. वरचे बहुधा जुने सभासद असतात आणि त्यांची सवय वेगळी. एक्सेलमध्ये शेजारी `=RAND()` भरा, त्या रकान्यावर क्रम लावा, आणि पहिले 3000 एका ओळीला, उरलेले दुसरीला. दोन्ही मेल एकाच वेळी सोडा, आणि ओळ सोडून आत काहीही बदलू नका. प्रीहेडरही दोन्हीकडे तोच, नाहीतर कोणामुळे काय झालं ते कळणार नाही.

दिवस निवडताना जीएसटीचं कॅलेंडर बघा. दर महिना रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 ची तारीख 11 आणि 3बी ची 20. त्याआधीचे दोन-तीन दिवस तुमचे वाचक जाहिरातीचा मेल बघण्याच्या मनःस्थितीत नसतात. 12 ते 16, किंवा 21 नंतरचे दिवस घ्या. सकाळी आणि रात्री यांत फरक पडतो, कारण दिवसा हीच माणसं दुकानाच्या संगणकावर मेल बघतात आणि रात्री फोनवर. म्हणून निकाल दोन तासांत बघू नका, दोन दिवस थांबा. नाहीतर तुम्ही फक्त संगणकावरच्या वाचकांचं मत घेतलं असं होईल, आणि मोबाइलवरची ओळ तपासायची होती ती राहूनच जाईल.

मोजायचं काय? ‘ओपन रेट’ नको. मेल उघडला हे टूलला एका न दिसणाऱ्या चित्रावरून कळतं. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये 2021 सालच्या आयओएस 15 पासून ज्यांनी गोपनीयतेची सोय चालू ठेवली आहे त्यांच्यासाठी ॲपल हे चित्र आधीच उतरवून घेतं, मेल उघडो न उघडो. दुसरीकडे, लांब ओळ संगणकावर पूर्ण वाचून झाली की मेल उघडायची गरजच उरत नाही. क्लिक मोजा, आणि शक्य असेल तर नोंदणी.

क्लिक मोजताना फरक खरा की योगायोग हे ठरवायला मी एक ढोबळ गणित वापरतो. दोन्ही भाग समान असतील आणि क्लिक थोडेच येत असतील, तर दोन्हीकडच्या क्लिकांची बेरीज घ्या, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. फरक त्याहून मोठा हवा. समजा जुन्या लांब ओळीला 3000 पैकी 126 क्लिक आले आणि ‘टैली-जीएसटी: नया बैच सोमवार से’ला 165. बेरीज 291, वर्गमूळ साधारण 17, दुप्पट 34. फरक 39 आहे, म्हणजे नवी ओळ घ्यायला हरकत नाही. तेच 140 आणि 155 आले असते तर फरक 15, आणि तो काहीच सांगत नाही.

याच गणितावरून टूलमधली ‘दहा-दहा टक्क्यांना पाठवा, जिंकेल ती उरलेल्यांना आपोआप’ ही सोय तुमच्या कामाची नाही. दहा टक्के म्हणजे 600 माणसं. दोन्हीकडे मिळून 48 क्लिक आले तर फरक किमान 14 हवा, म्हणजे 17 विरुद्ध 31. एक ओळ जवळजवळ दुप्पट चालली तरच टूलचा निकाल मानायचा, आणि टूल मात्र एका क्लिकच्या फरकावरही विजेता जाहीर करतं.

यावरूनच ठरतं की 6000 च्या यादीवर काय तपासण्यात अर्थ आहे. ‘सीखें’ की ‘सीखिए’ हा फरक इतका बारीक आहे की तो या यादीत कधीच दिसणार नाही. तो कानाने ठरवा आणि सोडून द्या. ठळक फरक तपासा. पहिली चाचणी क्रियापद शेवटी असलेली लांब ओळ विरुद्ध नामावर थांबलेली छोटी ओळ. दुसरी, बॅचची बातमी विरुद्ध कामातली अडचण, म्हणजे ‘नया बैच सोमवार से’ समोर ‘3B समय पर’. तिसरी हवीच असेल तर देवनागरी विरुद्ध रोमन, आणि ती मी शेवटी ठेवीन. तिचा निकाल यादीत कोण आहेत यावर फार अवलंबून असतो. फॉर्म भरताना ज्यांनी स्वतःचं नाव देवनागरीत लिहिलं ते आणि रोमनमध्ये लिहिलं ते, असे दोन गट करून क्लिक वेगळे बघा.

दर महिन्याला एकच बॅच निघत असेल तर महिन्याला एकच चाचणी होईल, आणि ते ठीक आहे. मात्र जिंकलेली ओळ पुढच्या महिन्यात जशीच्या तशी पाठवू नका. आधीच्या मेलवर क्लिक केलेल्यांना वगळा, आणि उरलेल्यांसाठी सुरुवातीचा तुकडा तोच ठेवून शेपूट बदला: ‘टैली-जीएसटी: शनिवार तक एडमिशन’. यातला ‘तक’ कापला गेला तर काय उरतं तेही फोनवर बघून घ्या. ‘शनिवार’पाशी तुटली तर वाचणाऱ्याला क्लास शनिवारी आहे असं वाटेल, आणि मोठ्या अक्षरांच्या फोनवर ती तिथेच तुटायची शक्यता आहे. तसं झालं तर ‘एडमिशन शनिवार तक: टैली-जीएसटी’ असा क्रम करा.